कॅमेरा उघडला की काळा पडदा? फोन रिसेट करण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकूंचा फोन मागच्या आठवड्यात माझ्या हातात आला. कॅमेरा उघडला की पडदा काळा, आणि दोन-तीन सेकंदांत अ‍ॅप आपोआप बंद. एका दुकानदाराने 'कॅमेराच बदलावा लागेल' असं सांगितलं होतं, तर भाचा रिसेट करायला निघाला होता. दोन्हींची गरज नव्हती.

पहिली चूक म्हणजे लक्षण नीट न पाहणं. पुढचा कॅमेरा चालतो आणि फक्त मागचाच काळा राहतो, तर बिघाड बहुधा त्या कॅमेऱ्यातच असतो, विशेषतः फोन पडला किंवा भिजला असेल तर. दोन्ही काळे असतील तर आधी वरून खाली ओढायच्या पट्टीत `Camera access` बंद तर नाही ना, हे बघा. अँड्रॉइड 12 पासून हे बटण आलं आहे, आणि बोट लागून ते सहज बंद होतं. काकूंचं चालू होतं.

मग कॅश, म्हणजे अ‍ॅपने साठवून ठेवलेली तात्पुरती माहिती, काढायची. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात कॅमेरा, आधी `Force stop` आणि मग स्टोरेजमध्ये `Clear cache`. शेजारच्या `Clear storage` किंवा `Clear data` ला लोक फार घाबरतात. त्याने कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. काढलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते जात नाहीत. तरी सुरुवात कॅशपासूनच करा.

कॅश काढल्यावर काकूंचा कॅमेरा उघडला, आणि संध्याकाळी पुन्हा काळा. एकदा उघडला म्हणजे दुरुस्त झाला असं समजणं, ही मला सगळ्यात महाग पडणारी चूक वाटते. अशा वेळी सेफ मोड लावायचा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेनू उघडून `Power off` वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो, आणि फोन सुरू झाल्यावर कोपऱ्यात `Safe mode` दिसतं. इथे तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद असतात, पुसली जात नाहीत, म्हणून फोनचाच कॅमेरा तपासा. फोटो, व्हिडिओ, सेल्फी, पाच-सहा वेळा उघडझाप करून.

काकूंचा कॅमेरा तिथे एकदाही अडला नाही. म्हणजे दोष बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपचा. फोन साधा रीस्टार्ट केला की सेफ मोड जातो. मग `Privacy dashboard` उघडलं. गेल्या 24 तासांत कॅमेरा कोणी वापरला ते तिथे वेळेसह दिसतं. चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याचा फोटो घेणारं एक लॉक अ‍ॅप तिथे वारंवार होतं, काकूंनी ते उघडलेलं नसतानाही. फक्त तेवढंच काढलं, रीस्टार्ट केला आणि दोन दिवस थांबलो. चार संशयित अ‍ॅप्स एकदम उडवली असती तर दोषी कोण ते कळलंच नसतं.

सेफ मोडमध्येही पडदा काळाच राहिला असता, तर सिस्टम अपडेट, मग बॅकअप घेऊन रिसेट, आणि शेवटी सर्व्हिस सेंटर, असा क्रम मी धरला असता.