गल्ल्यातला जीएसटी विक्रीत मिसळू नका

पंचवटीतलं नळ-पाइपचं छोटं दुकान धरा. सातपूरच्या व्यापाऱ्याकडून २०,००० चा माल उधारीवर आला, वर १८ टक्के जीएसटी. नोंद अशी: खरेदी नावे २०,०००, इनपुट सीजीएसटी नावे १,८००, इनपुट एसजीएसटी नावे १,८००, व्यापारी जमा २३,६००.

तोच माल २५,००० अधिक कर असा रोखीने विकला. रोख नावे २९,५००; विक्री जमा २५,०००, आउटपुट सीजीएसटी व एसजीएसटी जमा प्रत्येकी २,२५०. इथेच घोळ होतो: गल्ल्यात २९,५०० आले म्हणून तेवढीच विक्री लिहिली जाते, मग वही आणि रिटर्नचा आकडा जुळत नाही.

महिनाअखेरीस आउटपुट सीजीएसटी नावे २,२५०. इनपुट सीजीएसटी जमा १,८००, बँक जमा ४५०. एसजीएसटीचीही तशीच वेगळी नोंद, कारण या दोघांची एकमेकांत वजावट चालत नाही. भरलेले ९०० खर्चात टाकू नका. ते गिऱ्हाइकाचेच पैसे. नोंदीनंतर चारही कर खाती शून्यावर आली पाहिजेत. इनपुट मात्र जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसल्यावरच वळतं करा. व्यापाऱ्याने बिल चढवलं नसेल, तर इनपुटची शिल्लक खात्यातच राहू द्या आणि त्याला फोन लावा. कंपोझिशनवाल्यांना हे लागू नाही.