कुशीवर झोपणाऱ्या दुखऱ्या पाठीसाठी गादी: दुकानात जाण्याआधीची तयारी

दुकानात गादीवर पाच मिनिटं पडून एवढंच कळतं की थकलेल्या माणसाला एसीत आडवं व्हायला बरं वाटतं. त्या पाच मिनिटांत मऊ गादीच जिंकते, कारण कंबर रात्रभर खाली दबून राहिली की काय होतं ते पहाटे चारला समजतं. त्यात दुकानातल्या नमुन्यावर येणारेजाणारे सगळे लोळून गेलेले असतात, म्हणून तो नव्या गादीपेक्षा सैल पडलेला असतो. खालचा पलंग आपल्या घरचा नसतो. आणि अनोळखी माणसांसमोर आपण पाठीवर ताठ पडतो, गुडघे दुमडून कुशीवर वळायला संकोच वाटतो. ‘झोपून पाहा ना भाऊ, ढगावर झोपल्यासारखं वाटते’ म्हणणाऱ्या सेल्समनचा दोष नाही, त्याला माल विकायचा आहे. नागपुरात सीताबर्डीला जा नाहीतर वर्धा रोडला, निवडीचं मुख्य काम घरीच उरकून निघा.

सगळ्यात आधी दुखणं गादीमुळे आहे का ते पाहा. उशाशी वही ठेवा आणि दोन आठवडे रोज सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, दुखण्याला शून्य ते दहामध्ये आकडा द्या. कुठे दुखतं (कंबर, खांदा, खुबा, की हाताला मुंग्या) आणि उठल्यावर किती वेळाने मोकळं होतं, तेही लिहा. सकाळी ठणकतं आणि चहा होईपर्यंत सुटतं, किंवा लग्नाला परगावी गेल्यावर दुसऱ्या अंथरुणात बरं वाटतं, तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दिवसभर बसून संध्याकाळी दुखत असेल तर नवी गादी घेऊन फारसं काही बदलणार नाही. गुडघ्याखाली उतरणारी कळ, पाय बधिर किंवा लुळा पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाठदुखीसोबत ताप किंवा आपोआप घटणारं वजन, यातलं काही असेल तर गादीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी. चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहते आणि आरामाने नव्हे तर हालचालीने सुटते, हीसुद्धा तपासून घेण्याची गोष्ट आहे.

पुढचं काम फोटोचं, आणि यात घाई करू नका. अंगाला बसणारा टी-शर्ट घाला. घरातल्या कुणाला तरी कण्यावर चार टिकल्या लावायला सांगा: मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्यावर एक, दोन खवाट्यांच्या मध्ये एक, कंबरेच्या खोलगट भागात एक आणि माकडहाडाच्या वर एक. आता आपल्या नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीला झोपा आणि दहा मिनिटं तसेच पडून राहा, म्हणजे अंग सैल होतं आणि गादीही दबते. मग मागून फोटो काढायचा, मोबाइल गादीच्या उंचीवर स्टुलावर टेकवून. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत रेषा खोटी दिसते.

चारही टिकल्या साधारण एका सरळ आडव्या रेषेत असतील तर कडकपणा ठीक आहे. मधली, म्हणजे कंबरेची टिकली खाली झुकली असेल आणि कंबर व गादीमधून हात सहज आरपार जात असेल, तर गादी फार कडक आहे: खांदा आणि खुबा आत शिरत नाहीत, वजन त्या दोन ठिकाणी येतं आणि कंबर मध्ये अधांतरी राहते. माकडहाडाकडची टिकली सगळ्यात खाली गेली असेल तर उलट, गादी फार मऊ आहे किंवा मधोमध बसली आहे. पाठीवर झोपणाऱ्याला चालणारी कडक गादी कुशीवर झोपणाऱ्याला का चालत नाही, ते या फोटोत दिसतं.

आमच्या ताईचं उदाहरण घ्या. वजन 58 किलो, खांदे बेताचे, खुबे रुंद, झोप कायम डाव्या कुशीवर. ‘पाठ दुखते तर कडक झोपावं’ या घरोघरच्या सल्ल्यावरून तिने प्लायच्या बॉक्स पलंगावर चार इंची काथ्याची गादी टाकलेली. सकाळी कंबर सहा-सातच्या घरात आणि डाव्या हाताला मुंग्या. फोटोत कंबरेची टिकली स्पष्ट खाली. हलक्या माणसाला तीच गादी जास्त कडक लागते, हेही इथे धरायला हवं. तिच्या जागी नव्वद किलोचा माणूस असता तर खुबा थोडा तरी आत गेला असता. प्लायचा सपाट तळ खालून मुळीच दबत नाही, त्यामुळे पट्ट्यांच्या पलंगापेक्षा त्यावर गादी आणखी कडक लागते. म्हणून नवी गादी घेताना आपला पलंग कोणता आहे ते आधी सांगा.

नवं काही विकत घेण्याआधी तिने घरच्याच दोन दुलया घडी करून गादीवर, उशीखालपासून गुडघ्यापर्यंत, पसरल्या. दाबल्यावर जाडी दोनेक इंच राहील इतक्या. आठवडाभर तशीच झोपली. मुंग्या गेल्या, कंबरेचा आकडा चारवर आला, पण मान धरू लागली. कारण सरळ होतं: खांदा आत शिरला की मान आणि गादीतलं अंतर कमी होतं, आणि जुनी उशी उंच पडते. पुन्हा फोटो काढला, या वेळी समोरून. नाकाची रेषा छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत हवी. तिचं नाक वर, छताकडे वळलेलं. उशीतला थोडा कापूस काढल्यावर मान सुटली. गादी बदलली की उशी बदलते, आणि दुकानात उशी मोफत मिळते म्हणून तीच वापरायची, यात नव्या गादीला विनाकारण नावं ठेवली जातात. दोन गुडघ्यांत एक उशी धरल्यावर वरचा पाय खाली ओढला जात नाही आणि कंबर पिळवटत नाही. हा उपाय गादीच्या आधी करून पाहावा असाच आहे.

दुलयांनी काय शिकवलं? तिला अख्खी मऊ गादी नको, कडक तळावर दोनेक इंचांचा मऊ थर हवा. दुलयांनी काहीच फरक पडला नसता, तर गादीचे पैसे घालायला ती थांबली असती. दुलयांवर कंबर जास्त दुखली असती, तर तळ अजून भक्कम आणि वरचा थर पातळ घ्यावा लागला असता.

कडकच चांगली, या समजुतीची 2003 मध्ये स्पेनमध्ये नीट तपासणी झाली आहे. जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली गेली. नव्वद दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं आणि हालचालीतली अडचण अधिक कमी झाली होती. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे 1 म्हणजे सर्वांत कडक आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ, अशी मोजपट्टी होती. कडक गादी 2.3 वर आणि मध्यम-कडक 5.6 वर. आपल्या दुकानांतल्या ‘मीडियम फर्म’ या लेबलामागे अशी एकच मोजपट्टी नसते, एका कंपनीची मीडियम दुसरीची फर्म ठरते. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दावर तर जास्तीचा एक रुपयाही देऊ नये. त्याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त ‘कडक’ एवढाच असतो. त्याऐवजी गादी आतून कशी आहे ते विचारा: तळात काय, वर काय, वरचा थर किती इंच, फोमची घनता किती. घनतेचा आकडा कडकपणा सांगत नाही, फोम किती टिकेल याचा अंदाज देतो; 40 घनतेचा मऊ फोम असतो तसा कडकही असतो.

आता नागपूरकरांनी ज्याकडे खास लक्ष द्यायचं ते: मेमरी फोम. हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, म्हणजे खोलीच्या तापमानानेही होतो. दुकानात एसी चोवीसवर असतो. आपली बेडरूम जानेवारीच्या पहाटे बरीच गार असते आणि मेमध्ये, पारा पंचेचाळिसावर गेलेल्या दिवसानंतर, रात्री भिंतीही धग सोडत असतात. दुकानात मध्यम वाटलेला थर थंडीत फळकुटासारखा लागतो आणि उन्हाळ्यात खुबा त्यात रुततो. हे घरी बघता येतं. दुकानदाराकडे प्रत्येक थराचा हातभर नाही, तळहाताएवढा नमुना मागा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, अंगठ्याने दाबा; मग खिडकीतल्या उन्हात ठेवा, पुन्हा दाबा. लॅटेक्स आणि साध्या फोममध्ये फरक कमी लागतो, मेमरी फोममध्ये लगेच जाणवतो. ताईने याच कारणाने वर दोन इंच लॅटेक्स घेतलं. महाग आणि जड, पण बाराही महिने सारखं वागणारं. कूलर लावणाऱ्यांनी आणखी एक करावं: बॉक्स पलंगाच्या प्लायला सुताराकडून भोकं पाडून घ्यावीत, नाहीतर दमट हवेत गादीचा तळ ओलसर राहतो.

भाऊजी 84 किलोचे, पाठीवर झोपणारे, त्यांना काथ्याची गादीच आवडते. त्यासाठी भांडायची गरज पडली नाही. बहात्तर बाय बहात्तरच्या पलंगावर 72 बाय 36 च्या दोन वेगळ्या गाद्या बसतात. फक्त दोन्हींची जाडी सारखी घ्यायची, नाहीतर मध्ये पायरी होते.

राहिली परत करण्याची अट, तीच खरी चाचणी. किती रात्री वापरून परत करता येते, आपल्या पिनकोडवरून कंपनी उचलून नेते का, डाग पडला किंवा कव्हर काढलं तर काय, पैसे परत की बदलून दुसरी, हे बिलावर लिहून घ्या. गुंडाळून आलेली गादी फुगायला दिवस-दोन दिवस द्या. पहिले काही दिवस अंग कुरकुरतं, त्यावरून निकाल लावू नका. वहीतले आकडे तीन-चार आठवडे लिहा आणि जुन्या दोन आठवड्यांशी ताडून पाहा. हाताच्या मुंग्या मात्र पहिल्याच आठवड्यात वाढल्या तर वरचा थर कडक आहे, वाट पाहण्यात अर्थ नाही. शंभर रात्रींची मुदत मिळत असेल तर खरेदी फेब्रुवारीच्या मध्यावर करा: सुरुवातीच्या काही रात्री गार मिळतात आणि मुदत संपते ती नवतप्याच्या तोंडावर, तोवर गादी दोन्ही ऋतूंत वापरून झालेली असते.