पहिला प्रश्न: पार्सल हातात आलंय का?

व्हॉट्सॲपवर साड्या विकताना ‘ऑर्डरमध्ये प्रॉब्लेम आहे’ एवढाच मेसेज आला, तर लगेच ऑर्डर नंबर, फोटो, बिल असं सगळं मागू नका. वैतागलेलं माणूस तिथेच गप्प होतं. मेसेज ज्या फोन नंबरवरून आला त्यावरून ऑर्डर आपणच शोधावी, ट्रॅकिंग बघावं आणि मग एवढंच विचारावं: ‘ताई, परवा पाठवलेली हिरवी इरकल तुमच्या हातात आली का?’

‘काय प्रॉब्लेम आहे?’ यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात येतं आणि पुढची वाट तिथेच ठरते. ‘हो’ आलं, तर अडचण मालाची आहे: रंग वेगळा, डाग, ब्लाउजपीस नाही. आता फोटो मागा, पाकिटावरच्या लेबलसकट; दोन पार्सलांची अदलाबदल झाली असेल तर ती लेबलवरच कळते.

‘नाही’ आलं आणि ट्रॅकिंगवर मात्र ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, तर वॉचमन किंवा शेजाऱ्यांकडे विचारायला सांगा आणि त्याच वेळी कुरिअरकडे पोचपावती मागा. तिच्यावर कुणाची सही आहे ते बघेपर्यंत दुसरी साडी पाठवू नका. पण उत्तर कधीपर्यंत देणार, ती वेळ मात्र त्यांना लगेच कळवा.