ग्रुप फोटो जोडताना माणसं बारीक करताय? आधी या चुका टाळा

लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त जोडकाम होतं ते फॅमिली ग्रुपचं. मामांचे डोळे मिटलेत, आत्या त्या फ्रेममध्ये नाहीचेत, मग तीनचार फोटोंतून माणसं कट करून एक ग्रुप उभा करायचा. त्यात काही गैर नाही. पण माणूस एकदा कट होऊन वेगळ्या लेयरवर आला की नवीन मुलांचा हात आपोआप फोटोशॉपच्या लिक्विफायकडे जातो, "जरा कंबर आत घेतो" म्हणून सुरू होतं आणि थांबायचं कुठे हे कुणी शिकवलेलंच नसतं.

पहिली चूक, न विचारता बारीक करणं

हिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण हीच मी सगळ्यात जास्त बघते. ओळखीच्या एका स्टुडिओत एका मुलाने नवरीच्या मोठ्या बहिणीला ग्रुपमध्ये कमरेतून आणि दंडातून बारीक केलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला मनापासून वाटलं की ताईला आवडेल. १२ बाय ३६ ची शीट, डावीकडे तो ग्रुप आणि उजवीकडे हळदीचा फोटो, त्यात ताई जशी आहे तशी. अल्बम घरी गेला, सगळ्यांनी बघितला, आणि काही दिवसांनी ती स्वतः स्टुडिओत आली, मी तेव्हा तिथेच होते. भांडली वगैरे अजिबात नाही. म्हणाली, "दादा, या फोटोत आम्ही चौदा जण आहोत, बदललंय फक्त मला. म्हणजे माझा फोटो बघताना तुम्हाला आधी तेच दिसलं ना?" त्या मुलाला काही बोलताच येईना. शीट परत छापून दिली, पण घरातल्या सगळ्यांनी बघितलेलं काही परत घेता येत नाही.

कुणाला बारीक करणं म्हणजे त्या माणसाच्या शरीराबद्दल मत देणं आहे, आणि ते मत छापून, बाइंडिंग करून घरी पोचतं. म्हणून माझा नियम साधा आहे, ज्याचं शरीर त्यानेच सांगायला हवं. "वहिनीला थोडं स्लिम करा" असा मेसेज दिराकडून आला, सासूबाईंकडून आला, तरी मी करत नाही. वहिनींना फोन करते, वेगळा, फॅमिलीच्या ग्रुपवर नाही, आणि एवढंच विचारते की "फोटोत तुम्हाला काही खटकतंय का?" कुठल्याही अवयवाचं नाव मी स्वतःहून घेत नाही, कारण जे त्यांच्या डोक्यात नव्हतं ते आपण घालून ठेवतो. बहुतेक वेळा उत्तर येतं की पदर पोटावर फुगलाय, ब्लाउजची बाही दंडात रुतलीये, नाहीतर मान खाली घातल्यामुळे हनुवटी डबल दिसतेय. पदराचा फुगा बसवा, बाहीची कड सरळ करा, हनुवटीसाठी त्याच वेळची दुसरी फ्रेम शोधा. शरीराला हात न लावता काम होतं.

दुसरी चूक, लेन्सने आणलेला जाडपणा माणसाच्या नावावर टाकणं

स्टेजवर जागा नसते म्हणून ग्रुप २४ एमएमवर काढला जातो. वाइड लेन्स कडेच्या माणसांना बाहेरच्या बाजूला ताणते. फुल फ्रेमवर २४ एमएमला फोटोच्या अगदी डाव्या-उजव्या टोकाला माणूस साधारण २५ टक्के जास्त रुंद येतो, ३५ ला १२ टक्के, ५० ला जेमतेम ६ टक्के. मधला मात्र जवळपास बरोबर असतो. आता टोकाच्या काकूंना कट करून तुम्ही मध्ये नवरीशेजारी उभं केलं की त्या एकदम जाड वाटतात आणि तुम्ही लिक्विफायने कंबर दाबायला लागता. पण कंबर दाबली तरी चेहरा ताणलेलाच राहतो, मग बारीक कमरेवर मोठं डोकं दिसायला लागतं आणि तेही दाबलं जातं.

यावर उपाय लिक्विफाय नाहीच. मूळ फोटोत काकू कुठे उभ्या होत्या ते बघा. समजा २४ एमएमचा फोटो आहे आणि त्या मध्यापासून टोकाकडे पाऊण अंतरावर होत्या, तर तिथे ताण साधारण १५ टक्के असतो. Free Transform घ्या, वरची साखळी सोडवा, आणि फक्त W ८७ टक्के करा, उंचीला हात लावू नका. अख्खा माणूस, डोकं, हात, साडी, सगळं एकदम. मग त्याच काकूंचा दुसरा फोटो उघडा ज्यात त्या फ्रेमच्या मध्ये आहेत, आणि दोन्हीकडे चेहऱ्याची रुंदी आणि उंची मोजून बघा. प्रमाण जुळलं की काम संपलं.

हा चेहऱ्याचा तपासच माझी थांबायची रेघ आहे. डोकं आणि धड दोन्ही सारखं ताणलंय तर ते लेन्सचं, ते काढायचं. डोकं बरोबर आहे आणि तुम्ही फक्त धड अरुंद करताय, तर ते शरीर तुम्ही बदलताय, आणि त्याला त्या माणसाची परवानगी हवी. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलची शरीररेषा बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर फोटो रिटच केल्याचं लिहावं लागतं, नॉर्वेतही जुलै २०२२ पासून तसा कायदा आहे. ते नियम जाहिरातींचे आहेत, अल्बमचे नाहीत, पण शरीराच्या आकारावर रेघ त्यांनीही मारलीये.

तिसरी, मागच्या स्टेपशी तुलना करणं

एखाद्या बाईने स्वतः सांगितलं, दंड थोडा कमी करायचाय, ठीक, करा. पण अर्धा तास तोच दंड बघत बसलं की डोळा नव्या आकाराला सरावतो आणि आणखी थोडं, आणखी थोडं होत जातं. मी लिक्विफायमध्ये OK दाबायच्या आधी Reconstruct वर क्लिक करून १०० वरून ५० वर आणते, आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. लेयरची ओपॅसिटी कमी करून हे करू नका, खालचा मूळ माणूस दिसत असेल तर दंडाला दोन कडा येतात. मग अल्बममधले त्याच दिवसाचे तिचे दुसरे फोटो शेजारी लावा. पान उलटल्यावर ती दुसरी बाई वाटत असेल तर जास्त झालंय.

बाकीच्या पटापट सांगते. ग्रुप मर्ज केल्यावर बारीक करू नका, मंडपाचा खांब वाकतो, पैठणीचे काठ लाटेसारखे होतात, बांगड्या लांबट होतात. माणूस स्वतंत्र स्मार्ट ऑब्जेक्ट असतानाच जे काय ते करा, आणि सावली त्यानंतर बनवा, नाहीतर बारीक माणसाच्या पायाशी जाड सावली राहते. एका माणसाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर तर कधीच नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही गाइडने ओप्रा विन्फ्रीचं डोकं अ‍ॅन-मार्गरेटच्या धडावर बसवून कव्हर छापलं, दोघींना न विचारता, आणि ते उघडकीला आलंच. मोबाइल अ‍ॅपच्या स्लिम स्लायडरवर मला बोलायचंच नाही, घाई असेल तर हे काम घेऊ नका. लहान मुलांना आणि गरोदर बाईच्या पोटाला हात लावायचा नाही, आईवडिलांनी सांगितलं तरी नाही.

आणि एखादी व्यक्ती तोच दंड, तीच कंबर तिसऱ्यांदा कमी करायला सांगत असेल तर मी पुढचा राउंड करत नाही. आपण केलेल्या कुठल्याच आकाराने तिचं समाधान होणार नसतं, आणि प्रत्येक नवीन प्रूफ तिला आणखी खोलात नेते. मी तिला मूळ फोटो आणि पहिली प्रूफ शेजारी शेजारी पाठवते, यातली एक निवडा म्हणते, आणि मधले सगळे व्हर्जन डिलीट करते.