जोडप्याच्या फोटोत दोघांचे स्किन टोन नीट कसे आणायचे, कोणालाही गोरं न करता

लग्नाच्या अल्बममध्ये हे हमखास दिसतं. नवरा गोरा, नवरी सावळी (किंवा उलट), आणि फोटोत एकाचा चेहरा केशरी तर दुसऱ्याचा राख फासल्यासारखा. मग एडिट करणारा सरळ सावळ्या चेहऱ्यावर ब्रश फिरवून एक्सपोजर वाढवतो आणि म्हणतो झालं बॅलन्स. ते बॅलन्स नाही, ती वेगळीच मुलगी झाली. तिच्या आईला विचारा, ती लगेच सांगेल की ही माझी पोरगी दिसत नाहीये.

खरं तर गडबड उजळपणाची नसतेच, उजेडाच्या रंगाची असते. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच लागतो, आणि स्टेजवर उजेड मात्र दोन तीन प्रकारचे असतात. त्यात सावळ्या त्वचेचं एक लक्षात ठेवा, ती आतून कमी उजेड परत पाठवते, त्यामुळे वरच्या चमकेचा वाटा जास्त होतो आणि त्या चमकेत समोरच्या लाइटचा रंग जसाच्या तसा दिसतो. म्हणून थंड उजेडात सावळा चेहरा पटकन करडा पडतो. गोऱ्या चेहऱ्याचं वेगळं, त्याच्यावर पिवळा लाइट, लाल शालू, केशरी फेटा, सगळ्याचा रंग चढतो.

आता एक फोटो घेऊनच करून बघू. दुपारचं लग्न, कार्यालयाचं मोठं दार उघडं, नवरी दाराच्या बाजूला म्हणजे तिच्यावर बाहेरच्या आकाशाचा निळसर उजेड, आणि नवरा आतल्या बाजूला जिथे व्हिडिओवाल्याचा पिवळा लाइट थेट तोंडावर. नवरी सावळी, नवरा गोरा. फोटो रॉ मध्ये काढलेला आहे. जेपेगवरही हे जमतं पण थोडंच, जास्त ओढलं की गालावर रंगाचे पट्टे दिसायला लागतात. मी लाईटरूम क्लासिकमधलं सांगतोय, बाकी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मास्क आणि त्यात टेम्परेचर-टिंट असेल तर विचार तोच.

आधी पूर्ण फोटो, चेहरे नंतर

पहिल्यांदा अख्ख्या फोटोचं एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स ठरवून टाका आणि नंतर त्याला हात लावू नका. इथे बहुतेक जण आयड्रॉपर घेऊन नवऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर क्लिक करतात. ते टाळा, कारण पांढऱ्या कपड्यात आणि धुण्याच्या पावडरीत उजळवणारं केमिकल असतं, दिवसाच्या उजेडात ते निळसर चमकतं, मग सॉफ्टवेअर त्या निळ्याची भरपाई म्हणून पूर्ण फोटो पिवळा करतं. शिवाय कुर्ता ज्याच्या अंगावर त्याच्याच लाइटमध्ये असतो, म्हणजे दुसऱ्यावर अन्यायच. ग्रे कार्ड धरून एक शॉट काढलेला असेल तर उत्तम, आणि इथे दोघांच्या तोंडासमोर वेगवेगळे दोन शॉट घेतलेले असतील तर अजूनच उत्तम. नसेल तर दोघांच्या मधोमध मागे असलेली करडी भिंत, खांब, तोही स्टीलचा नको, साधा मॅट, असं काहीतरी पकडा. या टप्प्यावर दोघंही थोडे थोडे चुकलेले दिसतील, एक थंड आणि एक पिवळा. तेच पाहिजे. एकाला परफेक्ट करून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

आकडे लिहून घ्या

ही पायरी लोक सोडतात आणि मग सगळं अंदाजपंचे होतं. डेव्हलप मध्ये हिस्टोग्रामवर राइट क्लिक करा, तिथे Show Lab Color Values आहे ते चालू करा. आता कर्सर गालावर नेला की तीन आकडे दिसतात. L म्हणजे किती उजळ, a वाढला की लाली, b वाढला की पिवळेपणा. आपल्या कामाला एवढं पुरे.

कर्सर ठेवायचा तो गालाच्या मॅट भागावर. कपाळाचा चमकणारा ठिपका नको, हळद लागलेली जागा नको, ब्लश लावलेला भाग तर नकोच. मेकअप जाड असेल तर मानेवर किंवा दंडावर बघा, पण दंडावर तोच उजेड पडलाय ना ते तपासा.

आपल्या फोटोत समजा असं आलं. नवरी L ४४, a १३, b १०. नवरा L ६८, a १७, b ३०. आता हे वाचायचं कसं, तर साध्या दिवसाच्या उजेडात आपल्याकडच्या बहुतेक त्वचेत, गोरी असो गव्हाळ असो की सावळी, पिवळा हा लालपेक्षा थोडा वर असतो, साधारण सव्वापट ते दीडपट. नवरीचा b इथे a च्या खाली गेलाय, म्हणून ती करडी-जांभळट दिसतेय. नवऱ्याचा जवळजवळ पावणेदोन पट झालाय, म्हणून केशरी. एक अपवाद, खूप गडद त्वचेत दोन्ही आकडे कमी असतात आणि जवळजवळ येतात, तिथे सव्वापटीचा हट्ट धरला तर चेहरा मातकट होतो. तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि त्याच माणसाचा सावलीत काढलेला दुसरा फोटो शेजारी उघडा.

आणि L चे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. ४४ आणि ६८, फरक २४. हा फरक शेवटपर्यंत तसाच राहिला पाहिजे.

मास्क नुसत्या त्वचेचा की पूर्ण माणसाचा

मास्किंग उघडून पीपल मध्ये गेलात की दोघं वेगवेगळे दिसतात, प्रत्येकाचा वेगळा मास्क बनवा. तिथे फेस स्किन, बॉडी स्किन असे पर्याय येतात आणि सगळे तेच निवडतात. थोडीशीच दुरुस्ती असेल तर ठीक आहे. पण इथे निळा उजेड नवरीच्या नुसत्या गालावर नाही पडलेला, डोळ्याच्या पांढऱ्यावर, दातांवर, मोत्यांच्या नथीवर, मुंडावळ्यांवर सगळीकडे पडलाय. नुसती त्वचा गरम केली तर डोळे आणि दात निळे राहतात आणि चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून एवढ्या फरकाला मी अख्खी व्यक्ती निवडतो, साडीसकट. साडीचा रंगही त्याने खऱ्याच्या जवळ येतो, कारण चुकला होता तो तिच्यावरचा उजेड.

मग O दाबून मास्क कुठे कुठे लागलाय ते बघा. सावलीतला सावळा कान, मानेची मागची बाजू, मेंदी लावलेले हात, हे बऱ्याचदा सुटतात, ते मऊ ब्रशने अॅड करा. हात विसरलात तर चेहरा एका बाईचा आणि हात दुसऱ्या बाईचे दिसतात. दोघांनी हात धरलेत तिथे मात्र दोन्ही मास्क एकमेकांवर चढू देऊ नका, त्या जागी ब्रशने वजा करा.

आता टेम्परेचर, आणि फक्त तेवढंच

मास्कमधला टेम्परेचर केल्विनमध्ये नसतो, उणे १०० ते अधिक १०० असतो. तीन-तीन चार-चारने हलवा. नवरीला गरम करत जा आणि b बघत रहा. समजा +१२ वर b १६ झाला, a १३ च राहिला, चेहऱ्यावरची राख गेली आणि तांबूस-तपकिरी रंग परत आला. इथे थांबा, अजून पुढे गेलात तर वीट होते. नवऱ्याला उलटं, −१४ वर b २२ च्या आसपास आला. थंड केल्यावर कधीकधी हिरवट झाक येते, a जर खाली घसरला असेल तर टिंट +२, +३ मजेंटाकडे द्या. तुमच्या फोटोत स्लायडरचे आकडे वेगळेच येतील, माझे कॉपी करू नका, Lab बघून ठरवा.

दोघांचे a, b सारखे करायचे नाहीत. दोघांचे रंग वेगळे आहेत आणि वेगळेच दिसले पाहिजेत, फक्त दोघंही एकाच उजेडात उभे आहेत असं वाटलं पाहिजे.

आता पुन्हा L वाचा, कर्सर त्याच जागी. टेम्परेचर हलवल्यावर L अर्धा-एक पॉइंट सरकू शकतो. नवरी ४५ झाली तर त्याच मास्कमध्ये एक्सपोजर अगदी थोडं, −०.०५ वगैरे, खाली घ्या म्हणजे ४४ वर येईल. एक्सपोजर हलवायची वेळ आली तर ती एवढ्यासाठीच.

गोरं करणं इतर वाटांनीही शिरतं हे माहीत असू द्या. कलर मिक्सरमध्ये ऑरेंजचा ल्युमिनन्स वाढवला की त्वचा उजळतेच, आणि तो पूर्ण फोटोला लागतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शॅडोज वर ओढले की सावळा चेहरा आधी उचलला जातो. सॅच्युरेशन कमी केलं की L तोच राहूनही चेहरा फिकट, म्हणजे बघणाऱ्याला गोरा वाटतो. आणि बाजारातल्या रेडिमेड प्रीसेटमध्ये हे तिन्ही एकदम असू शकतं, तेव्हा प्रीसेट लावलाच तर L परत वाचा.

चेहरा खरंच अंधारात असेल तर?

हा प्रश्न रास्त आहे. नवरीवर खांबाची सावली पडली असेल तर ती प्रत्यक्षात होती त्याहून काळी आली असणार, तिथे उजेड देणं चूक नाही. पण किती, ते त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोवरून ठरवा, जिथे एक्सपोजर बरोबर होतं आणि ती मोकळ्या सावलीत उभी होती. तिथे तिच्या गालाचा L ४८ असेल तर इथे ४८ पर्यंत आणा, ५५ नाही. असा फोटोच नसेल तर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला उचलू नका, तिच्या साडीचा काठ, फुलं, दागिने नीट दिसतायत का ते बघा. ते नीट दिसत असतील तर उजेड पुरेसा आहे आणि चेहरा त्याचा स्वतःचाच रंग दाखवतोय.

ग्रुप फोटो असेल तर

पंधरा पाहुण्यांचे पंधरा मास्क करत बसू नका. आधी उजेडाचे भाग पाडा. दाराकडून आत येणारा एक लिनियर ग्रेडियंट, त्यात थोडं गरम, आणि लाइटच्या बाजूने दुसरा, त्यात थोडं थंड. यातच बरेच चेहरे जागेवर येतात. मग जे एक-दोघं अजून चुकलेले दिसतात, म्हणजे पिवळ्या शामियान्याला टेकून उभे असलेले मामा वगैरे, त्यांना फक्त वेगळा मास्क. काळे, सावळे, गव्हाळ, गोरे असे त्वचेनुसार मास्क पाडायचे नाहीत. एकाच उजेडात उभ्या असलेल्या गोऱ्या काकू आणि सावळ्या काकू दोघींना तीच दुरुस्ती लागते.

शेवटी फोटो लहान करून, पूर्ण स्क्रीनवर, \ दाबून आधीचा आणि नंतरचा बघा. मोठा करून नुसते गाल बघत राहिलं की नजर सरावते. आणि प्रिंटला देताना लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की कलर करेक्शन करू नका. तिकडे ऑटो करेक्शन चालू असेल तर सावळा चेहरा परत उजळून येऊ शकतो, म्हणून पूर्ण अल्बमच्या आधी एक छोटी प्रिंट काढून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून बघा.