एकच बिल, पैसे मात्र दोनदा कापले गेले: बँकेला पत्र कसे लिहावे

किराणा दुकानात ३,४६० रुपयांचे बिल झाले. डेबिट कार्ड मशीनला लावले, पिन टाकला, मशीन थोडा वेळ अडकले आणि 'व्यवहार नाकारला' अशी स्लिप बाहेर आली. दुकानदाराने पुन्हा कार्ड लावले, या वेळी व्यवहार झाला. घरी येऊन पाहिले तर पैसे कापल्याचे दोन मेसेज. हे नेहमी घडते आणि पैसे परतही मिळतात. पण पत्रात काय लिहायचे ते ठरवण्याआधी एक गोष्ट शोधून काढावी लागते: जादा कापलेली रक्कम आत्ता आहे कुणाकडे?

त्यासाठी पासबुक किंवा स्टेटमेंट उघडून दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, बँकेत त्याला 'आरआरएन' म्हणतात. तो स्लिपवरही छापलेला असतो. दोन्ही नोंदींचा आरआरएन एकच असेल, तर एकच व्यवहार बँकेने खात्यात दोनदा चढवला आहे आणि वादाला जागाच नाही. आरआरएन वेगळे असतील, तर मशीनमधून खरोखर दोन व्यवहार गेले. मग दुकानदाराला त्या दिवसाचा मशीनचा सेटलमेंट रिपोर्ट पाहायला सांगा. त्यात ३,४६० एकदाच दिसले, तर दुसरी रक्कम दुकानापर्यंत पोचलेलीच नाही आणि ती परत करणे बँकेचे काम आहे. दोनदा दिसले, तर पैसे दुकानदाराकडे गेलेत. त्याच दिवशी बॅच, म्हणजे मशीनचा दिवसभराचा हिशेब, बंद होण्याआधी तो जादा व्यवहार मशीनवरूनच रद्द करू शकतो, नंतर त्याला रिफंड द्यावा लागतो. तो टाळाटाळ करत असेल तर बँकेत 'डिस्प्यूट फॉर्म' भरावा लागतो.

बहुतेक वेळा जादा रक्कम दुकानापर्यंत पोचलेलीच नसते, आणि तिथे रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानाच्या मशीनला व्यवहार पूर्ण झाल्याचा संदेश मिळाला नाही, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपणहून परत जमा करायची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. काउंटरवर 'सात कामकाजाचे दिवस थांबा' असे सांगितले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवा.

म्हणून पाच दिवस थांबा, पण तेवढ्यात कागद गोळा करा. नाकारल्याची स्लिप सर्वांत मोलाची, आणि तीच बहुतेक जण दुकानातच फेकून देतात. त्या कागदावरची छपाई काही आठवड्यांत उडते, म्हणून लगेच मोबाइलवर फोटो काढा. सोबत दुसरी स्लिप, दुकानाचे बिल आणि दोन्ही नोंदी दिसणारे स्टेटमेंटचे पान ठेवा.

पत्र द्यायचे ते आपले खाते असलेल्या बँकेला. मशीन दुसऱ्या बँकेचे असले तरी त्या बँकेकडे जायचे कारण नाही. पत्र मराठीत चालते. आपला संताप त्यात मांडू नका. ते वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला नोंद शोधायची असते, त्यामुळे तारीख, रक्कम, आरआरएन आणि मागणी एका नजरेत दिसली पाहिजे. वरचाच प्रसंग ४ ऑगस्ट २०२५ चा धरला आणि पत्र १४ ऑगस्टला दिले, तर ते असे होईल:

दिनांक: १४ ऑगस्ट २०२५
प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा)

विषय: ४ ऑगस्ट २०२५ रोजी दोनदा वजा झालेले ३,४६० रुपये परत जमा करण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या शाखेत माझे बचत खाते क्र. ______ आहे. ४ ऑगस्ट २०२५ रोजी (दुकानाचे नाव, गाव) येथे ३,४६० रुपयांच्या एका बिलासाठी मी डेबिट कार्ड (शेवटचे चार अंक ____) वापरले. पहिला व्यवहार (आरआरएन 521614007312) नाकारला गेला, तशी स्लिप मिळाली. दुसरा व्यवहार (आरआरएन 521614007345) पूर्ण झाला. माझ्या खात्यातून मात्र दोन्ही वेळा ३,४६० रुपये वजा झाले आहेत. दुकानाच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये ही रक्कम एकदाच दिसते.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम ९ ऑगस्टपर्यंत जमा व्हायला हवी होती. तरी कृपया:
१. नाकारलेल्या व्यवहाराचे ३,४६० रुपये मूळ तारखेपासून खात्यात जमा करावेत.
२. १० ऑगस्टपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज १०० रुपये भरपाई द्यावी. आजपर्यंत ती ५०० रुपये होते.
३. तक्रार क्रमांक व लेखी उत्तर द्यावे.

सोबत: दोन्ही स्लिपा, बिल व स्टेटमेंटच्या प्रती.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

'मूळ तारखेपासून' हे शब्द गाळू नका, नाहीतर मधल्या दिवसांचे व्याज जाते. या कपातीमुळे शिल्लक कमी पडून कर्जाचा हप्ता परत गेला असेल, तर त्याचा दंडही मागण्यांत घाला. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी कोणत्याही पत्रात लिहायचा नसतो, आणि 'रिफंडसाठी' म्हणून तो विचारणारा फोन बँकेचा नसतो.

चुकीचे शुल्क लागले असेल तर पत्राचा साचा हाच, फक्त मधला परिच्छेद बदलतो. उदाहरणार्थ, किमान शिल्लक नसल्याचा दंड. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, शिल्लक पूर्ववत करायला एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा. शिवाय केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. सूचना मिळालीच नसेल, तर 'मला सूचना कधी व कोणत्या मार्गाने पाठवली याची प्रत द्यावी' हे एक वाक्य लिहा. लांबलचक युक्तिवादापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि स्टेटमेंटमध्ये तो कधी वेगळ्या ओळीत असतो, तेव्हा तोही परत मागा.

पत्राच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शाखा शिक्का द्यायला तयार नसेल, तर तेच पत्र बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील तक्रार विभागात किंवा ईमेलने पाठवा, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरावर फोन करू नका, त्यांत भामट्यांचे नंबर बरेच असतात.

३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. वकील लागत नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक असते, आणि तिथे जोडायचा पुरावा म्हणजे शिक्का मारलेली हीच प्रत.