मशीन किती टक्के वेळ चालू? दोन सरासऱ्या पुरेत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या सीएनसीसाठी हा आकडा काढताना समीकरणं सोडवत बसावं लागलं नाही.

१. बिघाडाचा दर λ = 1/45 (सरासरी 45 तास चालते), दुरुस्तीचा μ = 1/5 (सरासरी 5 तास).
२. दीर्घकाळात जितके बिघाड तितक्याच दुरुस्त्या, म्हणून λ × चालूचा हिस्सा = μ × बंदचा हिस्सा.
३. दोन्ही हिश्श्यांची बेरीज 1. म्हणून चालूचा हिस्सा μ/(λ+μ) = 45/50 = 90 टक्के.

जपा एवढंच: लॉगबुकात एका बिघाडापासून पुढच्या बिघाडापर्यंतचं अंतर 50 तास दिसतं, त्यात दुरुस्तीही असते. ती वजा न करता 50/55 धरलं, तर उत्तर उगाच 91 टक्के येतं. आम्ही आधी तेच धरलं होतं. सुट्या भागाची वाट पाहिलेला वेळ मात्र दुरुस्तीतच मोजा.